आठ टक्के फ्लॅट म्हणजे खरे किती?

भाऊ दुचाकी घ्यायला सातारा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गेला, तेव्हा कोटेशनवर लिहून मिळालं: एक लाख कर्ज, ३६ महिने, ८ टक्के फ्लॅट. म्हणजे व्याज २४,००० आणि हप्ता ३,४४४ रुपये.

यात गोम अशी की हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जातं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच धरलेलं असतं. खरा दर काढायला एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये हे टाका:

```
=RATE(36,-3444,100000)*12
```

सेलला टक्केवारीचं फॉरमॅट देऊन दोन दशांश स्थळं ठेवा. उत्तर येतं सुमारे १४.५ टक्के.

आता प्रोसेसिंग फी. भावाला ३,००० कापून ९७,००० च मिळणार होते, हप्ता मात्र तोच. म्हणून 100000 च्या जागी 97000 लिहायचं. दर थेट १६.७ वर जातो. फी वेगळी रोख भरली तरी हिशेब हाच.

परतफेडीच्या तक्त्यात पहिल्या हप्त्याची तारीख जरूर बघा. आमच्या तक्त्यात ती कर्ज मिळण्याच्या दिवसाचीच होती, म्हणजे ॲडव्हान्स हप्ता. तेव्हा सूत्र असं होतं:

```
=RATE(36,-3444,97000,0,1)*12
```

१७.८ टक्के!

बँकेच्या दराशी तुलना करायची ती या आकड्याची. सहीपूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे आणि त्यात फी धरून वार्षिक दर छापलेला असतो. तो तुमच्या उत्तरापेक्षा बराच वेगळा निघाला, तर कुठला खर्च राहिला ते तिथेच विचारा. बहुधा विमा असतो.