फार्मा ईआरपी: पोटेन्सी कॅल्क्युलेशनच्या या चुका टाळा, नाहीतर इन्स्पेक्शनला उत्तर देता येत नाही

फार्मा प्लांटमधे ईआरपी आलं की सगळ्यांचं लक्ष स्टॉक, परचेस आणि जीएसटीकडे असतं आणि बॅच रेकॉर्डमधला सगळ्यात नाजूक आकडा, म्हणजे एपीआय नक्की किती किलो तोलायचा, तो कुणीतरी एकदा फॉर्म्युला टाकून दिलाय म्हणून वर्षानुवर्षं तसाच चालतो. माझ्या मते व्हॅलिडेशनची सुरुवात इथूनच व्हायला पाहिजे, कारण इथली चूक थेट गोळीत जाते.

उदाहरण घेऊ. बॅचला 100 किलो शुद्ध एपीआय लागतो. क्यूसीचा अ‍ॅसे 98.5 टक्के आहे, तोही अ‍ॅनहायड्रस बेसिसवर, आणि पाणी 2.0 टक्के. मग 100 ला आधी 0.985 ने आणि मग 0.98 ने भागायचं, 103.59 किलो येतात. इथपर्यंत बरोबर. आता एखाद्या लॉटचा अ‍ॅसे क्यूसीने अ‍ॅज इज बेसिसवर दिला, म्हणजे 96.53, आणि तोच आकडा त्याच फिल्डमधे टाकला. पाणी त्यात आधीच धरलेलं आहे पण सिस्टीमला ते कुठून कळणार, ती पाण्यासाठी परत भागते आणि 105.71 किलो तोलायला सांगते. दोन किलोच्या वर जास्त!

हे पकडलं का जात नाही? कारण बऱ्याच फॉर्म्युल्यात जास्तीचा एपीआय लॅक्टोजसारख्या फिलरमधून वजा होतो, त्यामुळे गोळीचं वजन बरोबरच येतं, आणि फिनिश्ड गुड्सचा अ‍ॅसे साधारण 102 येतो जो 95 ते 105 च्या लिमिटमधे आरामात बसतो. बॅच पास, रिलीज, कुणी काही विचारत नाही. कळायचा एकच मार्ग, ट्रेंड बघा. आधीच्या बॅचेस शंभरच्या आसपास आणि अमुक लॉटपासून सगळ्या 102 च्या आसपास, असं दिसलं की आधी डिस्पेन्सिंग स्लिप आणि क्यूसी रिपोर्ट शेजारी ठेवून हाताने गणित करा. उपाय म्हणजे बेसिस हे वेगळं, भरलंच पाहिजे असं फिल्ड करा, आणि "अ‍ॅज इज" निवडलं की पाण्याचं करेक्शन बंद झालं पाहिजे.

आता व्हॅलिडेशनमधे हे का सुटतं ते बघा, मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. ओक्यूच्या स्क्रिप्टमधे टेस्ट डेटा म्हणून अ‍ॅसे 100 आणि पाणी 0 टाकतात. या आकड्यांनी फॉर्म्युला चुकीचा असला तरी उत्तर 100 च येणार, म्हणजे टेस्ट कशाचीच झाली नाही आणि सही मात्र झाली. टेस्टला तिरके आकडे घ्या, दोन्ही बेसिस तपासा, एका बॅचला वेगळ्या पोटेन्सीचे दोन लॉट लावून बघा (काही सिस्टीम पहिल्या लॉटची पोटेन्सीच दोघांना लावतात), आणि अ‍ॅसे रिकामा ठेवा. रिकाम्या फिल्डला सिस्टीमने गुपचूप 100 धरलं तर तो फेल आहे, तिथे डिस्पेन्सिंग अडलंच पाहिजे. अपेक्षित उत्तर आधी हाताने काढून स्क्रिप्टमधे लिहा, स्क्रीनवरून उतरवून नको.

फॉर्म्युला दुरुस्त केला की अजून एक गोची होते. सॅपसारख्या सिस्टीममधे प्रोसेस ऑर्डर तयार होताना बीओएम कॉपी होतो, त्यामुळे चेंज कंट्रोल क्लोज झाला, मास्टर बदलला, तरी आधी उघडलेल्या ऑर्डर जुन्या बीओएमवरच चालतात आणि छापील बीएमआर नव्या व्हर्जनचा असतो. चेंज कंट्रोलमधेच उघड्या ऑर्डरची यादी जोडायची, आणि त्या रद्द करायच्या की मास्टर डेटा परत वाचून घ्यायचा हे क्यूएने ठरवायचं.

इन्स्पेक्शनमधे यूएसएफडीए असो की आपला एफडीए, इन्स्पेक्टर तयार गोळीची एक बॅच उचलून उलटं मागे जाऊ शकतो, डिस्पेन्सिंग स्लिप, बॅलन्सचा प्रिंट, क्यूसीचा रिझल्ट, त्याचा ऑडिट ट्रेल. इथे वेळा जुळत नाहीत. बॅलन्सचा प्रिंट सकाळी 10 चा आणि ईआरपीमधे इश्यू दुसऱ्या दिवशी स्टोअरवाल्याने एकदम सगळे पोस्ट केलेले, तेही कॉमन लॉगिनने, मग तोललं कुणी आणि तपासलं कुणी ते सिद्ध कसं करणार? 21 सीएफआर 211.101 मधे तर दुसऱ्या माणसाने तपासणं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन आणि तोलतानाच एंट्री, याला पर्याय नाही.

आणि जुन्या बॅचेसमधे चूक सापडलीच तर फक्त फॉर्म्युला बदलून मोकळं होऊ नका. डेव्हिएशन टाका, तो लॉट कुठल्या कुठल्या बॅचमधे गेला ते व्हेअर यूज्ड रिपोर्टने काढा, प्रत्येक बॅचचं खरं वजन परत मोजा आणि बाजारात गेलेल्या मालाचं काय करायचं ते क्यूएकडून लेखी घ्या.