मेंडेलियन रँडमायझेशनचा अभ्यास वाचताना या चुका टाळा

ज्यांचं एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल जास्त, त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसतो. पण अशा लोकांचा आहार, वजन, धूम्रपान हेही वेगळं असू शकतं. मग दोष नेमका कशाचा? मेंडेलियन रँडमायझेशन हा पेच सोडवायला जनुकांची मदत घेतं. आई आणि वडील या प्रत्येकाकडे असलेल्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती प्रत मुलाकडे येईल हे योगायोगाने ठरतं आणि पुढच्या सवयींमुळे ते बदलत नाही. त्यामुळे एलडीएल कमी ठेवणारा जनुकप्रकार असलेले आणि नसलेले, अशा दोन गटांची तुलना म्हणजे जन्माआधीच चिठ्ठ्या टाकून झालेली चाचणी. मात्र वेगवेगळ्या वंशांचे लोक एकत्र मिसळले तर ही वाटणी तितकी निखळ राहत नाही, म्हणून वंशांमधल्या फरकाची आकडेवारीत दुरुस्ती केली आहे का हे आधी पाहून घ्या.

जनुकाचा आकडा औषधाला लावू नका

सर्वात जास्त गफलत इथे होते. पीसीएसके९ या जनुकावरचा २००६ सालचा एक अमेरिकी अभ्यास घ्या. त्यातल्या गोऱ्या सहभागींपैकी ३.२ टक्के लोकांकडे या जनुकाचा एक कमी सक्रिय प्रकार होता. त्यांचं एलडीएल सरासरी १५ टक्क्यांनी, म्हणजे साधारण २१ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरने कमी होतं. आणि हृदयविकाराचा धोका? तब्बल ४७ टक्क्यांनी कमी.

आता स्टॅटिन या एलडीएल कमी करणाऱ्या औषधाच्या चाचण्यांशी ताडून पाहा. त्यांत एलडीएल ३९ मिलीग्रॅमने उतरल्यावर साधारण पाच वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांचे मोठे झटके सुमारे २२ टक्क्यांनी घटतात. त्याच प्रमाणात २१ मिलीग्रॅमचा हिशेब केला, तर घट १२-१३ टक्क्यांच्या आसपास येते. घट तेवढीच, मग फायद्यात इतकं अंतर का? जनुकप्रकार असलेल्या माणसाचं एलडीएल जन्मापासून कमी असतं. धमन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल दशकानुदशकं साठत जातं, आणि त्याच्या बाबतीत हा साठा पहिल्यापासूनच हळू वाढतो. साठाव्या वर्षी गोळी सुरू करणाऱ्याच्या धमन्यांत तो आधीच झालेला असतो. म्हणून ‘एलडीएल २१ने कमी करा, धोका निम्मा होईल’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. त्या ४७ टक्क्यांची विश्वास मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टाही, रुंद आहे, हेही ध्यानात घ्या. अभ्यासातून पक्कं कळतं ते कारण आणि दिशा. औषधाने किती फायदा होईल हे औषधाच्या चाचणीलाच विचारावं लागतं.

जनुक दुसऱ्या वाटेने तर काम करत नाही ना?

ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: जनुकप्रकाराचा हृदयावर जो परिणाम होतो, तो फक्त अभ्यासातल्या घटकामार्फतच व्हायला हवा. एचडीएल म्हणजे ‘चांगल्या’ समजल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हे गृहीतक डळमळतं, कारण एचडीएल वाढवणारे बरेच जनुकप्रकार ट्रायग्लिसराइड किंवा एलडीएलही कमी करतात. मग फायदा झाला तर श्रेय कोणाला द्यायचं? एका जनुकाच्या अशा अनेक परिणामांना प्लायोट्रॉपी म्हणतात. लेखात मुख्य उत्तराशेजारी एमआर-एगर आणि भारित मध्यक या, काही जनुकप्रकारांत प्लायोट्रॉपी असली तरी तग धरू शकणाऱ्या पद्धतींची उत्तरं शोधा. तिन्ही एका दिशेला असतील तर भरवसा वाढतो. फाटे फुटले असतील तर सारांशातल्या ठाम वाक्यावर विसंबू नका.

‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘परिणाम नाही’ असं नव्हे

२०१२ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासाने प्लायोट्रॉपीची अडचण चांगली हाताळली. संशोधकांनी एंडोथेलियल लायपेज या विकराच्या जनुकातला असा प्रकार निवडला, जो एचडीएल वाढवतो पण इतर मेदांना फारसा धक्का लावत नाही. एचडीएलमधली वाढ आणि नेहमीच्या निरीक्षणांतला संबंध यांवरून धोका १३ टक्क्यांनी घटायला हवा होता, म्हणजे शक्यता गुणोत्तर ०.८७; हे गुणोत्तर १ असेल तर दोन गटांच्या धोक्यात फरक नाही. प्रत्यक्षात ते ०.९९ आलं, विश्वास मर्यादा ०.८८ ते १.११.

बरेच वाचक मर्यादेत १ आहे एवढंच पाहतात आणि पान उलटतात. खरं पाहायचं ते अपेक्षित ०.८७ कुठे पडतं. इथे ते मर्यादेच्या बाहेर, अगदी काठाला लागून पडतं. म्हणून हा निकाल नुसता ‘काही सापडलं नाही’ असा नाही, अपेक्षित फायद्याच्या विरोधातला तो पुरावा आहे. मर्यादा ०.६ ते १.६ असती तर त्याच ०.९९मधून काहीच सिद्ध झालं नसतं, कारण ०.८७ तिच्या आत आरामात बसलं असतं.

या अभ्यासाने मोजलं ते एचडीएलमधल्या कोलेस्टेरॉलचं प्रमाण. ते कण धमनीतून कोलेस्टेरॉल किती कार्यक्षमतेने बाहेर काढतात, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. त्यामुळे ‘एचडीएलचा हृदयाशी काही संबंध नाही’ हे वाक्य या पुराव्यातून निघत नाही.