डबल इंटिग्रलची ऑर्डर कशी ठरवायची आणि लिमिट्स बरोबर आहेत की नाही हे कसं तपासायचं

रामबागेत आमच्या घरी संध्याकाळी बीएस्सीची चार-पाच मुलं गणिताला येतात, त्यात माझी भाचीपण असते. मागच्या आठवड्यात ती डबल इंटिग्रलचं वर्कशीट घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, ऑर्डर बदलली तरी सुटत नाहीये आणि x उरतोच आहे, कुठे चुकलं तेच कळत नाहीये." वही बघितली तर आतलं इंटिग्रेशन बरोबर, चूक फक्त लिमिट्समधे, आणि दरवर्षी मी हीच चूक बघते, म्हणून तोच सवाल घेऊन सगळं नीट लिहिते.

आधी रेक्टँगलचं बघू, कारण ते पटकन होतं. x 0 ते 1, y 0 ते 2 आणि फंक्शन x·e^(xy). रेक्टँगलमधे चारही लिमिट्स नुसते आकडे असतात आणि फंक्शन कंटिन्युअस असेल तर कुठल्याही ऑर्डरनी उत्तर एकच येतं, त्याला फुबिनीचं थिअरम म्हणतात. पण उत्तर एक आलं तरी मेहनत सारखी नसते. इथे आधी y नी करा, x·e^(xy) चं सरळ e^(xy) होतं, लिमिट्स टाकल्या की e^(2x) − 1, मग x नी केलं की (e² − 3)/2, तीन ओळीत संपलं. आधी x नी केलंत तर बाय पार्ट्स लागतं आणि खाली y² येऊन बसतं, उत्तर तेच निघतं पण पानभर जातं. म्हणून पेन टेकवायच्या आधी दोन्ही बाजूंनी एकेकदा मनात करून बघायचं. एवढं मात्र सांभाळा, dy dx चं dx dy केलं की लिमिट्सपण आपापल्या व्हेरिएबलबरोबर जातात, 0 ते 2 ही y ची आहे ती y लाच राहणार.

आता भाचीचा सवाल:

∫[x=0 ते 1] ∫[y=x² ते 1] x·e^(y²) dy dx

इथे आत y नी करायचं आहे आणि e^(y²) चं इंटिग्रल आपल्या नेहमीच्या फंक्शन्समधे लिहिताच येत नाही, कितीही सब्स्टिट्यूशन करा. म्हणजे ऑर्डर बदलावीच लागणार. तिनी काय केलं होतं, नुसतं उचलून उलटं ठेवलं होतं, आत x ला 0 ते 1 आणि बाहेर y ला x² ते 1. रेक्टँगलमधे हे चालतं, इथे नाही चालत, कारण x² ही लिमिट x वर अवलंबून आहे आणि ती बाहेर गेली की शेवटी तिला गिळायला कोणी उरतच नाही, तो x तसाच आन्सरमधे येतो. ही पहिली तपासणी आणि ती फुकट आहे: बाहेरच्या लिमिट्स नेहमी आकडेच हव्यात, आणि आतल्या लिमिटमधे फक्त बाहेरचा व्हेरिएबल येऊ शकतो, आतला स्वतःचा कधीच नाही.

मग बरोबर कसं करायचं? चित्र काढायचं, आणि हे टाळायचं नाही. दिलेल्या लिमिट्स वाचा: x 0 पासून 1 पर्यंत, आणि प्रत्येक x ला y खाली पॅराबोला y = x² पासून वर आडव्या लाइन y = 1 पर्यंत. डावीकडे y-अ‍ॅक्सिस. म्हणजे पॅराबोलाच्या वरचा, वाटीत भरल्यासारखा भाग, पण वाटीचा उजवा अर्धाच. तो पेन्सिलनी शेड करा.

आता मी मुलांना कंपासमधली पट्टी काढायला लावते. पट्टी चित्रावर उभी ठेवा आणि डावीकडून उजवीकडे सरकवा. खालून वर जाताना ती शेड केलेल्या भागात कुठे शिरते आणि कुठून बाहेर पडते? x² ला शिरते, 1 ला बाहेर पडते, या झाल्या dy dx च्या लिमिट्स, म्हणजे दिलेल्याच. आता तीच पट्टी आडवी करा आणि खालून वर सरकवा. डावीकडून उजवीकडे जाताना शिरते y-अ‍ॅक्सिसला म्हणजे x = 0 ला, आणि बाहेर पडते पॅराबोलावर, पण आता पॅराबोला x च्या भाषेत सांगायला हवा, y = x² चं x = √y (x पॉझिटिव्ह आहे म्हणून प्लसवालाच रूट). पट्टी सरकते y = 0 पासून 1 पर्यंत. म्हणून:

∫[y=0 ते 1] ∫[x=0 ते √y] x·e^(y²) dx dy

आत x नी केलं की x²/2, √y टाकला की y/2, आणि बाहेर उरतं (y/2)·e^(y²). हा वर आलेला y च सगळं सोपं करतो, u = y² घ्या, उत्तर (e − 1)/4, म्हणजे साधारण 0.43.

पण आपण लिमिट्स बरोबर लावल्या हे कशावरून? इथे मुलं पुढच्या सवालावर पळतात, मी पळू देत नाही. फंक्शनच्या जागी 1 ठेवायचा आणि दोन्ही ऑर्डरनी करायचं, म्हणजे एरिया मिळतो. आधीच्या ऑर्डरनी 1 − x² चं 0 ते 1, येतात 2/3. नव्या ऑर्डरनी √y चं 0 ते 1, तेही 2/3. जुळलं. आता समजा कोणी x ला √y ते 1 घेतलं (हे खूप जण करतात, कारण बाहेर 1 लिहिलेला दिसतो), तर एरिया 1/3 येतो, कारण तो पॅराबोलाच्या खालचा भाग झाला, वाटीच्या बाहेरचा. 0 ते 1 सरळ घेतलं तर एरिया 1, अख्खा चौकोन. आणि एरिया मायनसमधे आला तर खालची-वरची लिमिट उलटी लागलीये. म्हणजे नुसतं चुकलं एवढंच नाही, कुठे चुकलं तेपण एरिया सांगतो. एक मात्र लक्षात ठेवा, एरिया जुळला म्हणून रीजन तोच असेलच असं नाही, y = x वर आरशात उलटा केलेल्या रीजनचा एरियापण तेवढाच येतो, म्हणून y = x वर नसलेला आतला एक पॉइंट, समजा (0.1, 0.5), दोन्ही लिमिट्समधे बसतो का तेही बघायचं. इथे 0.01 ते 1 मधे 0.5 बसतो, आणि 0 ते 0.707 मधे 0.1 बसतो. आणि (0.5, 0.1) सारखा बाहेरचा पॉइंट दोन्हीकडे बाहेरच पडायला हवा, पडतो.

कधी कधी पट्टी मधेच सांगते की ऑर्डर बदला. (0,0), (2,0), (1,1) हा ट्रँगल घ्या. उभी पट्टी सरकवली तर वरून बाहेर पडताना x = 1 पर्यंत ती y = x वर असते आणि पुढे y = 2 − x वर, लाइन बदलली म्हणजे दोन इंटिग्रल्स लागणार. आडवी ठेवली तर डावीकडे कायम x = y, उजवीकडे कायम x = 2 − y, एकच इंटिग्रल, y 0 ते 1. एरिया 2 − 2y चं इंटिग्रल, 1 येतो, आणि पाया 2, उंची 1 चा ट्रँगलपण 1 च. भाचीनी हा पट्टी धरूनच सोडवला आणि फंक्शन x घेतलं तरी उत्तर 1 च आलं म्हणून घाबरली. ते बरोबरच आहे, हा ट्रँगल x = 1 च्या दोन्ही बाजूंना सारखा आहे, म्हणून x ची सरासरी 1, गुणिले एरिया 1.