अकराचा पेपर आणि सातचा चहा: परीक्षेच्या आठवड्यात नाश्त्याच्या या चुका टाळा

बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. साडेदहाला केंद्रावर पोहोचावं लागतं आणि सुटायला दोन वाजून जातात. तरीही बऱ्याच घरांत मुलाचा नाश्ता सातलाच उरकलेला असतो, तोही चहा आणि चार बिस्किटांवर. मग साडेबाराच्या सुमारास, मोठ्या मार्कांचे प्रश्न लिहायचे असतात नेमके तेव्हा, पोटात खड्डा पडतो, डोकं जड होतं आणि वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते.

पहिली चूक वेळेची आहे. मुख्य नाश्ता नऊ-सव्वानऊला द्या. पहाटे उठून अभ्यास करणाऱ्याला सहाला कपभर दूध आणि एक केळं पुरतं.

दुसरी चूक ताटातली. साखर आणि मैदा झटकन पचतात, त्यामुळे भूकही लवकर परत येते. डाळी-कडधान्य, शेंगदाणे, अंडं यांतलं काहीतरी सोबत असेल तर पोट हळूहळू रिकामं होतं आणि तेच खाणं जास्त वेळ टिकतं. आपल्याकडच्या पोह्यांत बशीमागे सात-आठ दाणे दिसतात. तेवढ्यानं भागत नाही. एका मुलासाठी दोन मुठी जाड पोहे, छोटी मूठभर शेंगदाणे आणि अर्धी वाटी वाफवलेली मटकी घ्या, वरून लिंबू पिळा. पोह्यांतलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं, तर सोबतचा चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून चहा द्यायचाच तर तासाभरानं द्या. पोहे नको असतील तर ज्वारीची एक भाकरी आणि पिठलं, किंवा दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि चपाती. पुरी-भाजी किंवा वडा मात्र त्या दिवशी नको. तेलकट खाणं पोटात रेंगाळतं आणि पहिल्याच तासात जांभया येतात.

कच्ची मोडाची मटकी पौष्टिक म्हणून तशीच देऊ नका. मार्चच्या उकाड्यात मोड लवकर बुळबुळीत होतात आणि पोट बिघडवतात. मटकी आठ तास भिजवा, रात्रभर फडक्यात बांधून ठेवा, सकाळी वाफवा आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. बोटाला चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

समजा, मुलगी कवलापूरहून सांगलीच्या केंद्रावर जाते आणि बस पकडायला साडेआठलाच निघते. नाश्ता सव्वाआठला झाला तर दोनपर्यंत जवळजवळ सहा तास होतात, एवढा वेळ तो पुरणार नाही. अशा वेळी घरचा नाश्ता नेहमीएवढाच ठेवा आणि सोबत एक पुडी द्या: मूठभर फुटाणे-शेंगदाणे, त्यात दहा-पंधरा बेदाणे. ती सव्वादहाला, केंद्रात शिरण्याआधी खायची आणि वर चार-पाच घोट पाणी प्यायचं. नुसते बेदाणे देऊ नका. ते गोड असतात, दाण्यांसोबतच बरे. लघवीला जावं लागेल या भीतीनं काही मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि डोकं दुखण्याचं तेही एक कारण असतं. पाणी नाश्त्याबरोबर एक पेला प्यायलं की पेपरपूर्वी लघवीला जाऊन येता येतं.

खरेदीत चूक होते ती सगळं एकदम आणण्यात. एका मुलाच्या आठवड्याला पाव किलो फुटाणे, पाव किलो शेंगदाणे, पाव किलो मटकी, शंभर ग्रॅम बेदाणे आणि सहा अंडी पुरतात. केळी मात्र डझनभर घेऊ नका. तीन पिकलेली आणि तीन हिरवट घ्या, म्हणजे चौथ्या दिवशीही खाण्याजोगी राहतील. बिस्किटाच्या पुड्यावर ‘फायबर’ लिहिलंय म्हणून भुलू नका. मागे घटकांची यादी वाचा, त्यात सर्वांत जास्त असलेला पदार्थ आधी छापलेला असतो. तिथे मैदा आणि लगेच साखर दिसली तर ते नेहमीचंच बिस्कीट. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर मुलांसाठी नाही, असं छापलेलंच असतं.

रात्रीच्या अभ्यासाला भडंग हवंच असतं. ते अर्धी वाटी द्या आणि तेवढेच फुटाणे मिसळा. नुसतं भडंग म्हणजे बहुतेक चुरमुरे, तेल आणि तिखट: थोड्या वेळानं तहान, जळजळ आणि पुन्हा भूक. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी बंद ठेवा, नाहीतर झोप लांबते आणि सकाळचा नाश्ता गळ्याखाली उतरत नाही.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी हाच नाश्ता याच वेळी देऊन अकरा ते दोन सराव पेपर सोडवायला बसवा. पहिल्या तासात झोप आली तर तेल आणि बशीतलं प्रमाण कमी करा. पोटात कळ आली तर मटकी काढून अंडं किंवा पिठलं द्या. साडेबाराला भूक लागली तर बशी वाढवू नका, नाश्ता अर्धा तास पुढे ढकला किंवा सव्वादहाची पुडी सुरू करा.