पीएफ आणि ग्रॅच्युइटी: नव्या मुलांसाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी

रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात रुजू होणारी मुलं पहिली पगार स्लिप बघून हमखास विचारतात, "पैसे कापले कशाला?" नियम वाचून दाखवण्यापेक्षा स्लिपसोबत हा हिशोब द्यावा.

धरा, पगार 18,000. त्यात बेसिक अधिक डीए, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, 13,000. दोन्ही हिशोब या 13,000 वरच.

1. पीएफ: तुमचे 12 टक्के, म्हणजे 1,560 कापले. कंपनीही 1,560 भरते, पण त्यातले 1,083 पेन्शनला जातात आणि 477 पीएफला. म्हणून पासबुकात पीएफपोटी महिन्याला 2,037 दिसतात, 3,120 नाहीत. (सगळ्यात जास्त वाद इथेच होतो.)

2. ग्रॅच्युइटी: पगारातून काहीच कापलं जात नाही. नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते ती ही रक्कम: शेवटचं बेसिक अधिक डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. 13,000 ला वर्षाचे 7,500 होतात. नोकरी 6 वर्षं 8 महिने झाली असेल तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. 7 वर्षांचे 52,500. शेवटचा पगार वाढला, तर मागच्या सगळ्या वर्षांचा हिशोबही वाढीव दरानेच.

जपायचं एकच. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षं लागतात. चौथ्या वर्षी मुंबईची नोकरी धरली तर ग्रॅच्युइटी हातची जाते. पीएफ मात्र तुमचाच राहतो. तो काढू नका, जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा तुमचा पीएफ क्रमांक, नव्या कंपनीत द्या.