किचनमध्येच जायचं असेल तर कोर्स निवडण्याआधी तास मोजा

नव्या कॉमीची, म्हणजे किचनमधल्या सगळ्यात कनिष्ठ स्वयंपाक्याची, ट्रायल घेताना मी प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी बघतो. आधी सुरी हातात देतो आणि दोन किलो कांद्याचं ब्रुनुआज मागतो, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरचे एकसारखे चौकोनी तुकडे. दहाव्या मिनिटाला कळतं की हा हात किती तास पाटापुढे उभा राहिलाय. तीन वर्षांची पदवी घेऊन आलेला मुलगा इथे अडखळतो आणि वर्षभराचा कोर्स केलेली मुलगी झपझप काम उरकते, असं इतक्यांदा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. दोष मुलाचा नसतो. त्याने निवडलेला कोर्स मुळात किचनसाठी बनलेलाच नव्हता, एवढंच.

म्हणून शाळा संपवून थेट किचनमध्ये यायचं ज्याने ठरवलंय, त्याने कोर्स कसे पडताळावेत ते क्रमाने सांगतो.

पायरी १ : कोर्सचं नाव बाजूला ठेवून तो कोणासाठी आहे ते ओळखा

हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स चार खात्यांत विभागलेला असतो: फूड प्रोडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. त्यातलं फक्त पहिलं खातं किचनचं. पहिली दोन वर्षं चारही खाती शिकावी लागतात, बरोबर हिशेब, कायदा, संवादकौशल्य असे विषयही असतात. हे वाईट नाही. पुढे हॉटेल चालवायचं असेल तर हेच लागतं. पण खोली कशी आवरावी हे शिकण्यात गेलेला दिवस चुलीपुढे गेलेला नसतो.

कलिनरी म्हणजे पाककलेचा किंवा फूड प्रोडक्शनचा कोर्स उलटा असतो. फ्रान्सचं सीएपी क्विझीन हे सरकारी प्रमाणपत्र, जर्मनीतली कोख म्हणजे स्वयंपाक्याची तीन वर्षांची उमेदवारी, भारतातल्या आयटीआयचा एका वर्षाचा फूड प्रोडक्शन ट्रेड, या सगळ्यांचा गाभा एकच: हात तयार करणं. जर्मन पद्धतीत तर मुलगा पहिल्या दिवसापासून करारावर किचनमध्ये काम करतो, त्याला वेतन मिळतं आणि बरोबरीने तो व्यवसायशाळेत जातो.

तिसरा प्रकार म्हणजे तीन ते नऊ महिन्यांचे खाजगी डिप्लोमा. यात उत्तमही आहेत आणि नुसते फोटो काढण्यापुरतेही आहेत. ते ओळखायला पुढची पायरी.

पायरी २ : प्रत्यक्ष हाताने करण्याचे तास काढा

माहितीपत्रकात लिहिलेले प्रॅक्टिकलचे तास आणि तुमच्या वाट्याला येणारे तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन प्रश्न विचारा. आठवड्यात किचनचे दिवस किती? त्यातला किती वेळ शेफ करून दाखवतो आणि तुम्ही बघता? एका बर्नरवर किती जण?

उत्तर गोलगोल मिळालं तर एखाद्या प्रॅक्टिकलचा इंडेंट दाखवा म्हणावं. इंडेंट म्हणजे त्या दिवसासाठी स्टोअरमधून मागवलेल्या मालाची यादी. कोंबडी कापण्याचा धडा आहे, वर्गात ३० मुलं आहेत आणि इंडेंटवर ६ कोंबड्या आहेत, तर एकीभोवती पाच जण उभे राहणार. सुरी एकाच्या हातात आणि चौघे मान डोलावणार. माहितीपत्रक खोटं बोलू शकतं, इंडेंट सहसा बोलत नाही.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी करून बघू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या कोर्सचे घाला. एका मुलीपुढे तीन पर्याय आहेत.

पहिला, एका वर्षाचा फूड प्रोडक्शनचा कोर्स आणि नंतर सहा महिने हॉटेलच्या किचनमध्ये प्रशिक्षण. ४० आठवडे, आठवड्याला चार दिवस, रोज पाच तास, म्हणजे ८०० तास. एका बर्नरवर दोघे, म्हणून तिच्या वाट्याला ४००. प्रशिक्षणाचे २४ आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे ११५२. एकूण १५५२.

दुसरा, तीन वर्षांची हॉटेल मॅनेजमेंटची पदवी. वर्षाला ३४ आठवडे. पहिली दोन वर्षं किचनचा एकच दिवस पाच तासांचा, म्हणून ३४० तास. तिसऱ्या वर्षी ती किचन हाच विषय घेते आणि दोन दिवस मिळतात, आणखी ३४०. एकूण ६८०, दोघांत वाटून ३४०. प्रशिक्षण २२ आठवड्यांचं, पण चार खात्यांत फिरायचं असल्याने किचनमध्ये पाचच आठवडे, म्हणजे २४० तास. एकूण ५८०.

तिसरा, सहा महिन्यांचा खाजगी डिप्लोमा. २४ आठवडे, पाच दिवस, सहा तास, म्हणून जाहिरातीत ७२० तास. अर्धा वेळ प्रात्यक्षिक बघण्यात जातो, उरतात ३६०. मात्र इथे प्रत्येकाला स्वतंत्र बर्नर आहे, त्यामुळे ते पूर्ण तिचेच. प्रशिक्षण काहीच नाही.

बघा, सहा महिन्यांच्या डिप्लोमात वर्गातले तास पदवीपेक्षाही थोडे जास्तच भरले. पहिल्या कोर्सला पुढे नेलं ते वर्गाने नाही, हॉटेलमधल्या सहा महिन्यांनी.

पायरी ३ : इंटर्नशिप कागदावर पक्की करा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माझीही झाली होती. माझ्या प्रशिक्षणाचे पहिले सात आठवडे एका मोठ्या हॉटेलच्या भाजी सोलायच्या खोलीत आणि स्टोअरमध्ये गेले. सोलण्याचा वेग आला, पण सॉसच्या विभागात पाऊल ठेवलं नाही. तक्रार करायला हातात काही कागदच नव्हता.

म्हणून जाण्याआधी रोटेशनचं वेळापत्रक लेखी मागा. निदान गार्ड मांजे म्हणजे थंड पदार्थांचा विभाग, बुचरी म्हणजे मांस कापण्याचा विभाग, गरम किचन आणि बेकरी, या चार ठिकाणी प्रत्येकी काही आठवडे हवेत. बँक्वेट किचनमध्ये एकदा जाणं चांगलं, कारण पाचशे माणसांचं प्रमाण तिथेच समजतं. पण सगळे महिने तिथेच गेले तर एका ताटाची सर्व्हिस कशी चालते ते कळत नाही.

चांगली पद्धत कशी असते ते ऑस्ट्रेलियाच्या कमर्शियल कुकरीच्या तिसऱ्या श्रेणीच्या प्रमाणपत्रात दिसतं. तिथे कुक म्हणून काम करण्याच्या घटकात किमान ४८ पूर्ण सर्व्हिस पिरियड दाखवावे लागतात. म्हणजे दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाची तयारी, सर्व्हिस आणि आवराआवर असं अख्खं काम ४८ वेळा. तुमचा कोर्स असलं काही मागत नसेल तरी वही तुम्हीच ठेवा. तारीख, विभाग, काय केलं, किती जणांचं केलं, आणि आठवड्याच्या शेवटी विभागप्रमुखाची सही. शेवटी मिळणाऱ्या पत्रात ‘हॉटेलमध्ये प्रशिक्षण घेतले’ एवढंच असेल तर ते परत करा. त्यात फूड प्रोडक्शन हा शब्द, तारखा आणि विभागांची नावं हवीत. हे पत्र निघतानाच घ्यावं. सहा महिन्यांनी तो शेफ दुसऱ्या हॉटेलात गेलेला असतो आणि एचआरला तुमचं नावही आठवत नाही.

पायरी ४ : मान्यता कोणाची आणि कशाची, ते तपासा

‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ या शब्दांखाली चार वेगळ्या गोष्टी लपतात. एक, प्रमाणपत्र देशाच्या अधिकृत पात्रता-नोंदणीत आहे. दोन, ते सिटी अँड गिल्ड्ससारखी परीक्षा घेणारी बाहेरची संस्था देते. ही लंडनची संस्था १८७८ पासून आहे. तीन, ते संस्थेचं स्वतःचं आहे आणि किंमत तिच्या नावाला आहे, जसं १८९५ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या ल कॉर्दों ब्लूचं. चार, संस्था शेफच्या एखाद्या संघटनेची नुसती सभासद आहे. या चौथ्याने तुमच्या प्रमाणपत्राला काहीही बळ येत नाही, पण लोगो मात्र सगळ्यात मोठा त्याचाच छापलेला असतो.

तपासायला संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊ नका, नोंदणीवर जा. भारतासाठी nqr.gov.in, ऑस्ट्रेलियासाठी training.gov.au, इंग्लंडसाठी तिथली परीक्षा-नियामक संस्था ऑफक्वालची नोंदणी. तिथे कोर्सचं नेमकं नाव आणि क्रमांक सापडला पाहिजे. बाहेरची संस्था असेल तर त्या संस्थेला थेट विचारा की हे केंद्र याच कोर्ससाठी मंजूर आहे का. बेकरीसाठी मंजुरी आणि शिकवतात कुकरी, असा प्रकारही चालतो.

मान्यता कुठे लागते हेही समजून घ्या. नोकरी देणारा शेफ तिच्याबद्दल फारसं विचारत नाही. ती लागते पुढच्या शिक्षणाला, सरकारी नोकरीला आणि परदेशी कामाच्या परवान्याला. परवान्यासाठी कौशल्य तपासणाऱ्या संस्था प्रमाणपत्राबरोबर कामाचे पुरावे मागतात. तिथे विभागप्रमुखाची सही असलेली तुमची वही आणि ते नीट लिहून घेतलेलं पत्र उपयोगी पडतं.

पायरी ५ : आता निवड करा

आपल्या उदाहरणातल्या मुलीला मी पहिला पर्याय घ्यायला सांगेन, अर्थात त्याचं प्रमाणपत्र नोंदणीत सापडलं तर. दीड वर्षात ती तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची, कॉमी म्हणून लागेल. पदवीवाला तीन वर्षांनी येईल तोवर तिची दीड वर्षाची नोकरी झालेली असेल आणि बढतीची वेळ आलेली असेल. पदवीधराला काही साखळी हॉटेलं थेट किचन ट्रेनी म्हणून घेतात आणि लवकर वर नेतात, ही पदवीची खरी जमेची बाजू. पण त्या जागा मोजक्या असतात आणि निवड कडक असते.

तिचा ओढा शेफपेक्षा हॉटेल चालवण्याकडे असेल, किंवा बाहेर जाऊन पदव्युत्तर शिकायचं असेल, तर दुसरा पर्याय घ्यावा. मात्र दर सुट्टीत आठ आठवडे किचनमध्ये काम करावं. दोन सुट्ट्यांत, आठवड्याला ४८ तासांप्रमाणे, ७६८ तास वाढतात आणि ५८० चे १३४८ होतात.

तिसरा डिप्लोमा मी शाळेतून नुकत्याच आलेल्या कोणाला सांगणार नाही. दोन वर्षं कॉमी म्हणून काढली, हात बसला आणि आता पेस्ट्रीकडे वळायचंय, अशा माणसाला तो चांगला. फी भरण्याआधी मात्र एक दिवस त्यांच्या प्रॅक्टिकलला बसू द्या म्हणावं, आणि धडा संपल्यावर कचऱ्याचा डबा बघावा. तीस मुलांनी खरंच काम केलं असेल तर तो सालांनी भरलेला असतो.