फोटोतला आलेख नेमका कोणता?

क्लासच्या ग्रुपवर येणारे फोटो बहुतेक लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या काढलेले असतात, त्यामुळे पान वाकडं दिसतं. म्हणून वक्राआधी अक्ष बघा. अक्षही वाकला असेल तर वाकडी दिसणारी रेषा खरं तर सरळच असू शकते.

खरी गफलत होते ती अन्वस्त आणि घातांकी वक्रात. y = x² + 1 आणि y = 2ˣ हे दोन्ही Y-अक्षाला 1 वरच छेदतात आणि X-अक्षाला एकही छेदत नाही, म्हणजे नुसते छेद बघून भागत नाही. मग डावीकडे बघा: अन्वस्त पुन्हा वर चढतो, घातांकी मात्र अक्षाला चिकटत जातो. छापील रेघ जाड असली की तो टेकल्यासारखा भासतो, पण टेकत नाही.

डावी बाजू फोटोत कापली गेली असेल तर x = 0, 1, 2, 3 ला उंची वाचा. 1, 2, 4, 8 आली, म्हणजे दरवेळी दुप्पट, तर घातांकी. 1, 2, 5, 10 आली तर फरक 1, 3, 5 असे दोन-दोनने वाढतात, म्हणजे अन्वस्त. पहिल्या दोन उंचींवरून काहीच कळत नाही.

साइनचा एकच उंचवटा फोटोत आला तर तोही उलट्या अन्वस्तासारखा दिसतो. अशा वेळी अक्ष ओलांडल्यावर काय होतं ते पाहा. साइन तिथून उलट्या बाजूला वळून पुन्हा वर येतो, तर अन्वस्त खाली जात अधिकच तीव्र होतो.